लिफ्ट बंद आणि दहा पायऱ्यांचा हिशोब

ईराची आई (२०३): नमस्कार. लिफ्ट बंद झाल्यापासून ईरा दिवसातून चार वेळा जिना चढते, कधी एकेक पायरी, कधी दोन-दोन. काल तिने विचारलं, खालून लँडिंगपर्यंत दहा पायऱ्या आहेत, तर त्या किती तऱ्हांनी चढता येतील? एका ढांगेत एक किंवा दोनच पायऱ्या. मी म्हटलं सहा, कारण दोनची ढांग एकदाही नाही, एकदा, दोनदा असं करत पाचदापर्यंत घेता येते. तिला ते काही पटलेलं नाही.

सर (४०१): ईराचं बरोबर आहे. ढांगांचा क्रम बदलला की तऱ्हा बदलते. चारच पायऱ्या घेऊन बघा:

१+१+१+१
२+१+१
१+२+१
१+१+२
२+२

तुमच्या हिशोबाने या तीन झाल्या असत्या, आहेत पाच. तुमचे सहा म्हणजे खरं तर सहा गट आहेत. दोनची ढांग एकदाच घेतली, तर दहा पायऱ्यांना एकूण नऊ ढांगा लागतात. ती मोठी ढांग नऊपैकी कितवीही असू शकते. एवढ्या एकाच गटात नऊ तऱ्हा निघाल्या.

३०१, धाकटा: सर, मी दहाची यादी करायला बसलो होतो. एकदा ८६ आल्या, पुन्हा मोजलं तर ८४.

सर (४०१): यादीत एखादी तऱ्हा सुटते किंवा दोनदा येते आणि ते कळतही नाही. त्यापेक्षा शेवटची ढांग बघ. तू दहाव्या पायरीवर उभा आहेस. आलास कुठून? नवव्यावरून एक पायरी चढून, नाहीतर आठव्यावरून दोन. तिसरा मार्गच नाही. म्हणजे नवव्यापर्यंत यायच्या जितक्या तऱ्हा, त्यात आठव्यापर्यंतच्या मिळवायच्या. एकीची शेवटची ढांग एकची, दुसरीची दोनची, त्यामुळे कुठलीही तऱ्हा दोनदा मोजली जात नाही. पहिल्या पायरीला १, दुसरीला २, तिथून पुढे नुसती बेरीज.

ईराची आई (२०३): ईराने आत्ता खडूने पायऱ्यांवर आकडे लिहिले. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ आणि लँडिंगच्या कडेला ८९! चौथीवर ५ आले, तुमच्या यादीशी जुळले. (सेक्रेटरीसाहेब, संध्याकाळी पुसून घेते.)

सर (४०१): शाब्बास ईरा. आता आईच्या सहा गटांनीही पडताळून बघ: १+९+२८+३५+१५+१. हेही ८९च.

काकू (५०२): अहो, हे तर आमचं मात्रावृत्त! लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन मात्रांचे शब्द घ्या. "कमल" म्हणजे लघु-लघु-लघु, "राम" म्हणजे गुरु-लघु, "रमा" म्हणजे लघु-गुरु. तीन पायऱ्यांच्या तीन तऱ्हा याच. अमुक मात्रांचा चरण किती प्रकारांनी बांधता येईल, हा आपल्याकडच्या छंदशास्त्राचा जुना प्रश्न आहे. विरहांकाने तो सोडवला. पुढे ११५०च्या सुमाराला हेमचंद्राने हीच रीत सांगितली, मागच्या दोन संख्या मिळवा की पुढची येते. ज्या फिबोनाचीच्या नावाने ही मालिका ओळखतात, त्याचा ग्रंथ १२०२चा. मी वर्गात इतकी वर्षं लघु-गुरूच्या खुणा करून घेतल्या, पण जिन्यात हे दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. ईराला माझ्याकडे पाठव, तिला चार मात्रांचे पाच शब्द शोधायला लावते.

३०१, धाकटा: मग पूर्ण मजला म्हणजे वीस पायऱ्या. मी बेरीज पुढे नेली, १०,९४६ आले.

सर (४०१): बेरीज बरोबर आहे, पण आपला जिना तसा नाही. दहावी पायरी म्हणजे लँडिंग. तिथे वळायचं असतं, त्यामुळे पाय टेकावाच लागतो. नवव्यावरून थेट अकराव्यावर जाता येत नाही. खालच्या टप्प्याच्या प्रत्येक तऱ्हेपुढे वरच्या टप्प्याची कुठलीही तऱ्हा जोडता येते, म्हणून ८९ × ८९ = ७,९२१.

३०१, धाकटा: म्हणजे उरलेल्या ३,०२५ तऱ्हा लँडिंग ओलांडून जाणाऱ्या?

सर (४०१): अगदी. नवव्यापर्यंत ५५ तऱ्हा, मग दोनची ढांग, आणि अकराव्यापासून वर पुन्हा नऊ पायऱ्या, म्हणजे ५५. गुणून बघ.

ईराची आई (२०३): ईरा गुणाकार करून ओरडलीच, ३,०२५! आता पाण्याची बाटली घेऊन काकूंकडे निघाली आहे. वर जाताना प्रत्येक पायरीवरचा आकडा मोठ्याने वाचतेय.