मदत हवी आहे: व्हिडिओ नेमक्या जागी आणि पीडीएफ नेमक्या पानावर उघडत नाहीये

बी_विंग_मुलुंड
रविवारी सोसायटीची सभा आहे, त्यामुळे लवकर सांगा. पुनर्विकासाच्या मागच्या सभेचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहे, तीन तासांचं. बिल्डरच्या माणसाने कार्पेट एरियाबद्दल जे कबूल केलं ते १ तास ४७ मिनिटं २० सेकंदांवर आहे. सल्लागाराच्या अहवालात पान ३५ वर वेगळाच आकडा आहे. दोन्ही लिंका सभासदांच्या ग्रुपवर टाकायच्यात, दाबलं की थेट तिथेच उघडायला हवं. व्हिडिओ सुरुवातीपासून सुरू होतो, पीडीएफ पहिल्या पानावर उघडते. सगळं करून झालंय.

दादरचा_दत्तू
सगळं म्हणजे काय काय?

कट_पेस्ट_काका
व्हिडिओ तोडा की राव! तेवढा दोन मिनिटांचा तुकडा कापून ग्रुपवर टाका. मी मुलीच्या लग्नाचा असाच केला होता, आधी साखरपुडा, मग हळद...

बी_विंग_मुलुंड
काका, तुकडा टाकला की लोक म्हणणार, मागचंपुढचं कापलं. पूर्ण व्हिडिओच हवा.

प्रथमेश_वेबवाला
पाठवलेली लिंक जशीच्या तशी इथे चिकटवा. व्हिडिओचा खरा आयडी झाका, बाकी एक अक्षरही बदलू नका. पीडीएफ कुठे ठेवलीय तेही सांगा.

बी_विंग_मुलुंड
```
https://youtu.be/VIDEOID?si=AbCd?t=6440
```
६४४० सेकंद बरोबर आहेत, कॅल्क्युलेटरवर तपासलेत. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर आहे, लिंकच्या शेवटी `#page=35` लावलंय.

प्रथमेश_वेबवाला
लिंकेत दोन प्रश्नचिन्हं आहेत, घोळ तिथेच आहे. एका पत्त्यात प्रश्नचिन्ह एकदाच येतं, पुढची प्रत्येक गोष्ट & लावून जोडायची. शेअर बटण हल्ली आपणहून `?si=` चिकटवतं. तुम्ही त्यापुढे आणखी एक `?t=` लावलंत, त्यामुळे यूट्यूबला तो सगळा si चाच भाग वाटला आणि वेळ दिसलीच नाही. si वगळलं तरी चालतं:
```
https://youtu.be/VIDEOID?t=6440
```
सेकंद मोजायचे नसतील तर `t=1h47m20s` लिहा. कॉम्प्युटरवर त्याहून सोपं म्हणजे व्हिडिओ त्या क्षणी थांबवून त्यावर राइट क्लिक करा आणि `Copy video URL at current time` निवडा. पाचेक सेकंद आधीची वेळ द्या, नाहीतर वाक्य अर्ध्यातून ऐकू येतं.

आजोबा_ठाणे
सभेचं चित्रीकरण हवंच. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात आहे ते. आमच्या सेक्रेटरीने केलं नव्हतं, अजून भांडण मिटलेलं नाही. कार्पेट एरिया भिंतीच्या आतला धरलाय का, ते आधी विचारा.

दादरचा_दत्तू
आजोबा, तो वेगळा धागा होईल. बी विंग, पीडीएफचं मी सांगतो. `#page=` बरोबर आहे, ड्राइव्हवरची लिंक सार्वजनिक केली की चालतं.

प्रथमेश_वेबवाला
नाही चालत, दत्तू. अर्धं बरोबर आहे तुझं. # पुढचं काहीही सर्व्हरकडे जात नाही. फाइल दाखवणारा ब्राउझर ते स्वतः वाचतो आणि त्या पानावर उडी मारतो. ड्राइव्हच्या `/view` पानावर मात्र फाइल ब्राउझर दाखवत नाही, ड्राइव्हचा स्वतःचा दर्शक दाखवतो, आणि तो `#page` कडे बघतच नाही. परवानगी उघडी ठेवून काही फरक पडणार नाही. पत्त्याच्या शेवटी खरोखर .pdf आहे अशा ठिकाणी फाइल ठेवा. सोसायटीची वेबसाइट आहे का?

बी_विंग_मुलुंड
आहे, पण कोणी बघत नाही. तिथे चढवली. आता क्रोममध्ये भलतंच पान उघडतंय! ३५ लिहिलंय, समोर अनुक्रमणिकेनंतरचं कसलं तरी पत्र येतं.

शुभांगी_ग्रंथपाल
पानाच्या खाली छापलेला आकडा आणि फाइलमधला क्रम एकच नसतो. `#page=` मुखपृष्ठाला १ धरून मोजतं. तुमच्या अहवालात आधी मुखपृष्ठ, पत्रं, अनुक्रमणिका असणार. पीडीएफ उघडा, खाली छापलेलं ३५ असलेलं पान समोर आणा आणि वरच्या पट्टीत कोणता आकडा दिसतो ते बघा.

बी_विंग_मुलुंड
वर ४७ दिसतंय. म्हणजे आधीची बारा पानं!
```
https://example.org/ahwal.pdf#page=47
```
क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीत बरोबर पान आलं. आभारी आहे.

शुभांगी_ग्रंथपाल
archive.org वरच्या स्कॅन पोथ्यांना याच्या उलट फसायला होतं. तिथल्या वाचकात `/page/n46` असतं आणि मोजणी शून्यापासून, म्हणजे ते ४७वं पान. मी एकदा व्याख्यानासाठी डझनभर लिंका दिल्या, प्रत्येक एक पान पुढे. श्रोते सभ्य होते, कोणी काही बोललं नाही.

कट_पेस्ट_काका
तीन तासांचा व्हिडिओ कोण बघतो? सुरुवातीचा "आवाज येतोय का, आवाज येतोय का" तरी काढा.

बी_विंग_मुलुंड
काकांचं ऐकून यूट्यूबच्या एडिटरमधून सुरुवातीची ९ मिनिटं १० सेकंद कापली. त्यात नुसतं माइक ठोकणं होतं, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. पण आता लिंक उघडली की पार्किंगवरून चाललेला वाद लागतो.

प्रथमेश_वेबवाला
पत्ता तोच राहतो, वेळ मात्र सरकते. ९ मिनिटं १० सेकंद म्हणजे ५५०. ६४४० मधून वजा करा, `t=5890`, म्हणजे १ तास ३८ मिनिटं १० सेकंद. म्हणून आधी कापाकापी, मग लिंक. जुनी लिंक ग्रुपवर गेली असेल तर ती आता खोटी आहे, ते तिथे स्पष्ट लिहा.

बी_विंग_मुलुंड
गेली होती. लिहिलं. पण ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पीडीएफ अजून पहिल्या पानावरच येते. मोबाइलवर बघतात सगळे.

प्रथमेश_वेबवाला
बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फाइल आधी डाउनलोड होते आणि दुसऱ्या अॅपमध्ये उघडते. त्या अॅपला फक्त फाइल मिळते, # पुढचा भाग तोवर गळालेला असतो. तुमच्या वेबसाइटवाल्याने फाइल सक्तीने डाउनलोड होईल अशी ठेवली असेल तर कॉम्प्युटरवरही हेच होईल, पण तुमच्याकडे क्रोममध्ये उघडतेय म्हणजे ते कारण नाही.

दादरचा_दत्तू
माझ्या आयफोनवर सफारीत मी आत्ता उघडून पाहिलं, पहिलंच पान. `#page` लिहिलं काय, न लिहिलं काय.

शुभांगी_ग्रंथपाल
मी असं करते. लिंक द्यायचीच, आणि शेजारी लिहायचं: "छापील पान ३५, फाइलमधलं ४७". खाली त्या एका पानाचा स्क्रीनशॉट. ज्याला शंका असेल तो पूर्ण अहवाल उघडेल.

कट_पेस्ट_काका
म्हणजे शेवटी तुकडाच!

बी_विंग_मुलुंड
काका, अहवाल सोबत आहे, फरक आहे. व्हिडिओ मोबाइलवर बरोबर जागी लागतोय, आधी जाहिरात येते तेवढंच. स्क्रीनशॉट टाकला. आता सी विंगचे एक गृहस्थ विचारतायत की ३५ आणि ४७ ही दोन वेगळी पानं का दाखवली, आम्ही काही लपवतोय का. आयफोनचा उपाय कोणाकडे असेल तर रविवारपर्यंत सांगा.

आजोबा_ठाणे
भिंतीच्या आतला की बाहेरचा, ते अजून नाही सांगितलं.