मदत हवी आहे: चार महिन्यांसाठी दीड लाख, सोनं की एफडी की पर्सनल लोन?

निपाणी_ऊसवाला: पोरीची कॉलेज आणि हॉस्टेलची फी आहे, दीड लाख, पुढच्या आठवड्यात भरायची. ऊस अजून उभा आहे. दिवाळीनंतर तोड होईल, डिसेंबरात बिल येईल. एफडी आहे दोन लाखांची, सात टक्क्यांची. घरात चार तोळे आहे. बँकेवाले फोन करून दहा मिनिटांत पर्सनल लोन देतो म्हणतात, १४ टक्क्यांनी. कुठलं स्वस्त पडेल? लवकर सांगा.

शहापूर_राजू: एफडी मोडा आणि मोकळे व्हा. स्वतःचे पैसे असताना व्याज कशाला भरायचं?

खानापूरची_सुमा: राजूभाऊ, थांबा जरा. दादा, एफडी बँकेत आहे की सोसायटीत? कुणाच्या नावावर आणि कधी केली? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

शेतकरी_संकेश्वर: उतारा घेऊन जा, शेतीच्या नावानं सोनं ठेवा, चार टक्क्यांनी मिळतं.

जुना_कर्जखाते: ते चार टक्के किसान क्रेडिट कार्डावरच्या पीककर्जाचे, तेही वेळेत फेडलं तर. नुसत्या सोन्यावर नाही. आणि फी भरायला पीककर्ज काढू नका.

निपाणी_ऊसवाला: एफडी सरकारी बँकेत, इथल्याच शाखेत. दोन वर्षांची, दीड वर्ष झालं. आई आणि मी, दोघांच्या नावावर.

जुना_कर्जखाते: हे आधी लिहायला हवं होतं. मी चिकोडीकडच्या एका शाखेत बरीच वर्षं हेच टेबल सांभाळलं, म्हणून सविस्तर सांगतो.

एफडी मोडली तर दोन वर्षांचा दर मिळत नाही. दीड वर्षाच्या ठेवीला त्या वेळी जो दर होता तो लागतो, वर बहुतेक ठिकाणी अर्धा-एक टक्का दंड. धरा, एकूण सव्वा टक्का कमी बसला. दोन लाखांवर दीड वर्षाचे ३,७५० रुपये गेले.

त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, म्हणजे १,८०,०००. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. आठ टक्के धरले तर दीड लाखावर चार महिन्यांचे ४,०००. पण तेवढ्याच पैशांवर तुमची एफडी या काळात ३,५०० मिळवत राहते. खरा खर्च पाचशेच्या आसपास. उचललेल्या रकमेवर दिवसाप्रमाणेच व्याज, त्यामुळे बिल आधी आलं तर त्या दिवशी भरून टाका.

शहापूर_राजू: माझी एफडी दोन महिन्यांचीच होती, म्हणून मोडताना फारसं गेलं नाही. तुमचं दीड वर्ष झालंय हे मला ठाऊक नव्हतं.

चिकोडी_मास्तर: पर्सनल लोनमध्ये काय वाईट? सही कुणाची लागत नाही, काही गहाण नाही. मी घेतलं होतं.

जुना_कर्जखाते: मास्तर, तुमचा पगार महिन्याला येतो. यांचा पैसा डिसेंबरात. बारा महिन्यांचं लोन घेतलं तर पुढच्या महिन्यापासूनच साडेतेरा हजारांचा हप्ता, तो कुठून भरणार? व्याज चार महिन्यांत सहा हजारांवर. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर जीएसटीसह ३,५४०. वर मुदतीआधी बंद करताना चार टक्के असतील तर आणखी पावणेपाच हजार. चौदा हजारांच्या वर गेलं.

खानापूरची_सुमा: सोनं मोजताना मणी, खडे, आत भरलेली लाख धरत नाहीत, नुसतं सोनं मोजतात. आमच्या सासूबाईंचं मंगळसूत्र एका खासगी फायनान्सकडे ठेवलं होतं. काउंटरवर ११ टक्के सांगितले. दोन महिने व्याज भरायचं राहिलं तर दर १८ वर गेला, ते कागदावर बारीक अक्षरात होतं. बँकेत ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

शेतकरी_संकेश्वर: सोन्यावर ७५ टक्केच मिळतात ना?

जुना_कर्जखाते: अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला आता ८५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, एप्रिल २०२६ पासून. पण व्याज शेवटी एकदम भरायचं असेल तर ते व्याजही त्या ८५ मध्ये धरतात, हातात कमी येतं. यांना त्याची गरज नाही. ओव्हरड्राफ्टला एकच अडचण, एफडीवर नावं दोन असतील तर दोघांच्याही सह्या लागतात.

निपाणी_ऊसवाला: आई कोल्हापूरला बहिणीकडे आहे, गुडघ्याचं दुखणं. तिची सही तिकडच्या शाखेत चालेल का?

जुना_कर्जखाते: ते शाखेवर आहे. उद्या सकाळीच व्यवस्थापकांना विचारा. नाहीच जमलं तर चार तोळ्यांवर त्याच बँकेत घ्या, नऊ-साडेनऊ टक्क्यांनी पावणेपाच हजारांत भागेल.

चिकोडी_मास्तर: फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतो. आईंना वाचून दाखवूनच सही घ्या, माझ्या वडिलांच्या वेळी कुणी समजावलं नव्हतं. मराठी फॉर्म मागितला तर देतात का कुणाला?

निपाणी_ऊसवाला: उद्या शाखेत जातो, गाडी मिळाली तर आईलाही घेऊन येतो. चार तोळ्यांत दोन बायकोच्या माहेरचे आहेत, तिला अजून विचारलं नाही.