मदत हवी आहे: जास्त गेलेला पगार हप्त्यांत कापण्यासाठी पत्र

भोसरीचा_हिशेबनीस
भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, पगाराचं काम माझ्याकडे. एका ऑपरेटरला सहा महिने दरमहा 2,600 रुपये जास्त गेलेत, एकूण 15,600. सहा हप्त्यांत कापायचे आहेत. साहेबांना उद्या सकाळी पत्र टेबलावर हवंय. मराठी नमुना असेल तर टाका प्लीज. नेटवर जे मिळतंय ते सगळं इंग्रजी आणि धमकीवजा.

कोथरूडकर
आधी ते पैसे वेगळ्या खात्यात काढून ठेवा, खर्च करू नका. कंपनी कधीही परत मागते.

भोसरीचा_हिशेबनीस
अहो, मला नाही आले. पगार मी करतो!

शनिवारातली
जास्त गेले म्हणजे कशाचे? बेसिक, ओव्हरटाइम की भत्ता? कधीपासून? आणि सापडलं कसं? एवढं गाळून पत्र कसं लिहायचं कुणी?

भोसरीचा_हिशेबनीस
नाईट अलाउन्स. 1 जूनपासून तो जनरल शिफ्टला आला. मस्टरला बदल झाला, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावापुढची ठोक रक्कम तशीच राहिली. डिसेंबरात कॅन्टीनचं बिल तपासताना दिसलं की रात्रीच्या जेवणाची कुपनं 14 जणांची आणि अलाउन्स 15 जणांना. डिसेंबरपासून बंद केलाय.

न्यायप्रेमी
वसुली करताच येणार नाही. सुप्रीम कोर्ट, रफीक मसीह, 2014. कर्मचाऱ्याची चूक नसेल तर पैसे मागायचे नाहीत. विषय संपला.

जुना_पेरोलवाला
विषय संपला नाही साहेब. तो निकाल पंजाब सरकारच्या कर्मचाऱ्यांचा. त्यातही सरसकट बंदी नाही: खालच्या श्रेणीतले, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे गेलेले, अशांना संरक्षण आहे. खाजगी कारखान्यात जादा गेलेलं वेतन पगारातून वळतं करायला कायद्यात मुभा आहे. फक्त त्या महिन्याच्या सगळ्या कपाती मिळून निम्म्या वेतनापलीकडे जाता कामा नयेत.
हिशेबनीस, मला वेगळंच विचारायचंय. या सहा महिन्यांत तो एकदाही रात्रपाळीला आला नाही? मस्टर बघितलंत का?

आईचा_लेक
माझी आई जिल्हा परिषदेत शिक्षिका होती. निवृत्तीच्या तोंडावर वेतननिश्चितीत चूक निघाली आणि वसुली काढली. दोन वर्षं हेलपाटे घातले आम्ही. कुणी पेन्शनवाले आहेत का इथे?

भोसरीचा_हिशेबनीस
बघितलं आत्ता. ऑगस्टमध्ये एक जण सुट्टीवर होता, त्याच्या जागी हा 9 रात्री आला होता. आमच्याकडे रात्रीला 100 रुपये.

जुना_पेरोलवाला
म्हणजे 900 त्याच्या हक्काचे. वसुली 14,700, 15,600 नाही. चुकीचा आकडा पत्रात गेला असता तर त्याने तेवढंच धरून ठेवलं असतं, आणि बरोबरच होतं त्याचं.
आता हप्ते. सहा केलेत तर 2,450 चा एक. पण भत्ता बंद झाल्यामुळे हातातले 2,600 आधीच गेलेत. त्याच्या दृष्टीने पगार 5,050 ने उतरला! म्हणून बारा हप्ते करा, 1,225 चे. असं लिहा:

> आपण 1 जूनपासून जनरल शिफ्टमध्ये आहात. मस्टरमध्ये तशी नोंद झाली, परंतु पगाराच्या सॉफ्टवेअरमधील रात्रपाळी भत्ता बंद करण्याचे आमच्याकडून राहून गेले. त्यामुळे जून ते नोव्हेंबर दरमहा 2,600 रुपये, म्हणजे 15,600 रुपये आपणांस दिले गेले. ऑगस्टमधील आपल्या 9 रात्रींचे 900 रुपये वजा जाता जादा रक्कम 14,700 रुपये होते. डिसेंबरमध्ये कॅन्टीनची कुपने व भत्त्याची यादी ताडून पाहताना हा फरक आढळला. यात आपला काही दोष नाही. ही रक्कम जानेवारीच्या पगारापासून दरमहा 1,225 रुपयांच्या 12 हप्त्यांत वळती करण्याचा प्रस्ताव आहे. हिशेब मान्य नसल्यास किंवा हप्ता बदलून हवा असल्यास आठ दिवसांत कळवावे. मस्टरचा उतारा सोबत जोडला आहे.

शनिवारातली
पत्र छान. पण तो एप्रिलमध्ये नोकरी सोडून गेला तर? राहिलेले हप्ते अंतिम हिशेबातून वळते होतील, हे वाक्य टाका.

जुना_पेरोलवाला
टाका. ग्रॅच्युइटीला मात्र हात लावू नका.

न्यायप्रेमी
सहीशिवाय एक रुपया कापू नका, मी अजूनही सांगतो.

जुना_पेरोलवाला
सही घेतलेली बरी, वाद टळतो. पण सही नाही म्हणून वसुलीच नाही, असं मला पटत नाही.

कोथरूडकर
रात्रीला फक्त 100? आमच्या चाकणला 150 देतात, वर बस.

भोसरीचा_हिशेबनीस
बारा हप्ते साहेबांना पटत नाहीयेत, "मार्चच्या आत संपवा" म्हणतायत. तीन हप्त्यांत 4,900 चा एक बसतो, त्याच्या हातात 24 हजार येतात. निम्म्याच्या आत आहे, म्हणजे कायद्यात बसतं ना?

शनिवारातली
कायद्यात बसेल हो. त्याच्या घरभाड्यात बसतंय का, ते त्याला विचारलंत?