मदत हवी आहे: सुसम पंचकोनाच्या क्षेत्रफळात tan 36° ची अचूक किंमत आकृतीवरून कशी काढावी?

बाजू 6 सेमी घेऊ. केंद्रापासून शिरोबिंदू जोडले की पाच एकरूप समद्विभुज त्रिकोण मिळतात, प्रत्येकाचा केंद्रीय कोन 360 ÷ 5 = 72°. केंद्रातून बाजूवर टाकलेला लंब तो कोनही दुभागतो आणि बाजूही. म्हणून काटकोन त्रिकोणात 36° समोर 3 सेमी येतात आणि लंब = 3 ÷ tan 36° ≈ 4.13 सेमी.

क्षेत्रफळ = 5 × ½ × 6 × 4.13, म्हणजे सुमारे 61.9 चौसेमी.

मुलं हमखास चुकतात ती इथेच: 36° ऐवजी 72° घेतात, मग उत्तर 14.6 येतं. 6 सेमी बाजूच्या चौरसाचंच क्षेत्रफळ 36 असताना पंचकोनाचं त्याहून कमी कसं येईल? कॅल्क्युलेटर रेडियनवर असला तर साधारण 5.8 दिसतं.

आता अडचण. दहावीला 30°, 45°, 60° च्याच किमती पाठ असतात. sin 2θ = sin 3θ मध्ये θ = 36° घेऊन cos 36° = (1+√5)/4 आणि त्यावरून tan 36° = √(5−2√5) निघतं, पण तिप्पट कोनाचं सूत्र त्यांना माहीत नाही. पंचकोनाचे कर्ण काढून, फक्त समरूप त्रिकोण वापरून ही किंमत कशी मिळवता येईल? कोणता त्रिकोण आधी घ्यावा, तेही पायऱ्यांसह सांगा.