ठराव 7 नंतर थेट ठराव 24!

घोडबंदरकर: सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त टाइप करतोय. वर हजर सभासद 1 ते 23, खाली ठराव 1 ते 7. आठवा ठराव खजिनदारांच्या फाइलमधून पेस्ट केला तर त्याला नंबर आला 1. Continue Numbering दाबलं तर 24! वर्डला मोजता येत नाही, हाताने नंबर टाकणारेच शहाणे.

नौपाड्याचा बोका: शहाणे? मी 3 वर्षं सेक्रेटरी होतो, सभेनंतर लिफ्टचा राहिलेला ठराव मधे घुसवला की खालचे सगळे नंबर खोडत रात्री 1 वाजायचा. वर्ड बरोबरच मोजतो हो, तुम्हाला जी एक यादी दिसते ती त्याच्या लेखी दोन आहेत. पेस्ट केलेला ठराव स्वतःची यादी घेऊन आला आणि पुढे चालू म्हटल्यावर जाऊन हजेरीला चिकटला. 7 या आकड्यावर क्लिक करा, त्या यादीतले सगळे आकडे करडे होतील. 24 करडा झाला नाही तर तो परका.

खारघरची: एवढं रामायण कशाला? 24 वर राइट क्लिक, Set Numbering Value, 8 टाका, विषय संपला.

नौपाड्याचा बोका: दिसायला 8, यादी वेगळीच. उद्या वर एक ठराव वाढवलात की जुना 7 होतो 8 आणि खालचाही 8च राहतो.

वाशी सेक्टर 9: अगदी हेच झालं आमच्याकडे!! दोन ठराव 8, एक रंगकामाचा, एक पार्किंगच्या चिठ्ठ्यांचा. आता एक काका म्हणतात ठराव 8 मंजूर म्हणजे कोपऱ्यातली जागा माझी. गाडी एकच, जागा दोन अडवल्यात.

खारघरची: काकांकडे दोन गाड्या असतील तर? एका घराला एकच जागा हा कुठला न्याय, आम्हीही मेंटेनन्स भरतो.

वाशी सेक्टर 9: दुसऱ्या गाडीवाल्यांनी रस्त्यावर लावावी! तुमच्यासारख्यांमुळेच चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

खारघरची: तुमच्यासारखे म्हणजे? तोंड सांभाळून.

घोडबंदरकर: अहो पार्किंग राहू द्या, मला उद्या इतिवृत्त लावायचंय. 24 चं काय करू?

नौपाड्याचा बोका: सातवा ठराव अख्खा सिलेक्ट करा, शेवटची परिच्छेदखूण धरून, ती दिसत नसेल तर Ctrl+Shift+8. मग Format Painter चा ब्रश घेऊन 24 वाल्या परिच्छेदावरून फिरवा. तो ठरावांच्या यादीत येतो आणि 8 होतो. फॉन्टही सातव्यासारखा होईल, त्यात मुद्दाम काही ठळक केलं असेल तर पुन्हा करावं लागेल.

घोडबंदरकर: झाला 8. मुद्दाम मधे एक फालतू ओळ घालून पाहिली, 9 झाला, काढली, परत 8. बरं, मोजता येतं त्याला. पण हे करडं प्रकरण सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार होतं?

खारघरची: माझ्या पत्राला तीनच मुद्दे असतात, मी 8 टाकूनच भागवणार.

वाशी सेक्टर 9: आणि दोन जागा अडवूनच.