विषय: डॉलर ‘मजबूत’ केला, तरी अमेरिकन डॉलरपुढे पडला कसा?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,
लेकीला ज्युनिअर कॉलेजात सिंगापूरच्या चलन धोरणावर निबंध लिहायचा आहे आणि ती एका जागी अडकली आहे. २०२२ मध्ये सप्टेंबरपर्यंत एमएएसने, म्हणजे सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने, जानेवारी, एप्रिल आणि जुलै असं तीनदा धोरण कडक केलं, म्हणजे सिंगापूर डॉलर वर जाऊ दिला. पण वर्षाच्या सुरुवातीला एका अमेरिकन डॉलरला १.३५ मोजावे लागत होते, ते सप्टेंबरअखेर १.४३ च्या वर गेले. मग एमएएसला जमलं नाही, असं लिहायचं का? आपल्यातलं कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

प्रेषक: प्रसाद

अनघाताई, सिंगापूर डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, दोन्ही बाजूंना दोन टक्के हलायची मुभा आहे. त्या वर्षी फेडने झपाट्याने व्याजदर वाढवले, पैसा अमेरिकेकडे ओढला गेला आणि बांधणी सैल झाली. एमएएसने वेळेवर व्याजदर वाढवले असते तर घसरण थांबली असती, असं माझं मत आहे.

प्रेषक: श्रीरंग

अनघा, मी बरीच वर्षं इथल्या एका बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रसाद, फेडमुळे अमेरिकन डॉलर वधारला हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण सिंगापूर डॉलर त्याला बांधलेला नाही. १९८१ पासून तो व्यापारातल्या भागीदार देशांच्या चलनांच्या टोपलीसमोर सांभाळला जातो. टोपलीत कोणाचं वजन किती, हे एमएएस सांगत नाही. भावाला ज्या पट्ट्यात हलू दिलं जातं, त्या बँडची रुंदीही सांगत नाही. तुम्ही म्हणता ते दोन टक्के म्हणजे बँकांच्या रिसर्चवाल्यांनी बांधलेला अंदाज.

आता २०२२ चे पहिले नऊ महिने पाहा. सिंगापूर डॉलर अमेरिकन डॉलरपुढे सुमारे ६ टक्के घसरला. त्याच काळात तो येनपुढे सुमारे १८ टक्के, युरोपुढे ९ टक्के, आणि युआन व रिंगिटपुढे प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आसपास वर गेला. समजा, टोपलीत ही पाचच चलनं आहेत आणि सगळ्यांचं वजन सारखं आहे. बेरीज ३१, भागिले पाच, म्हणजे टोपली सहा टक्के वर. खऱ्या टोपलीत येनचं वजन एवढं नसणार, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे, निबंधात वापरू नये. पण दिशा स्पष्ट आहे. एमएएसला जे वर न्यायचं होतं ते वर गेलं. आपण मात्र रोज एकाच चलनाचा भाव बघत होतो.

हे वर नेणं चालतं कसं? मधली रेषा १०० वर आहे आणि ती वर्षाला दीड टक्का चढते असं धरा. सहा महिन्यांनी ती १००.७५ वर असेल. रुंदी दोन टक्के धरली, तर भावाला ९८.७ ते १०२.८ एवढी मोकळी जागा मिळते. त्या जागेत बाजार हवा तसा खेळतो. भाव वरच्या काठाला टेकू लागला की एमएएस सिंगापूर डॉलर विकून अमेरिकन डॉलर घेते, खालच्या काठाला उलटं करते. काठ यायच्या आधीही ती उतरू शकते. डेस्कवर आम्हाला ते कसं जाणवायचं? सगळीकडून विक्री होत असतानाही एखादी मोठी बँक एकाच भावाला घेतच राहायची आणि आकडा हलायचा नाही. खरेदी-विक्रीचे सहामाही आकडे आता जाहीर होतात, पण उशिरा.

लेकीने एक फरक नक्की लिहावा. चढ वाढवला तर परिणाम हळूहळू होतो. मधली रेषाच उचलली तर सगळा बँड एका दिवसात वर सरकतो. एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही केलं, जुलैमध्ये नुसती रेषा उचलली. मार्च २०२० मध्ये, कोविड सुरू झाल्यावर, चढ शून्यावर आणला आणि रेषा खाली, तेव्हाच्या भावाच्या पातळीवर आणून ठेवली. बाजार आधीच तिथे उतरला होता. त्याला वर ओढत बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रेषक: सुनील

श्रीरंगकाका, छान समजलं. पण माझं घरकर्ज सोरावर, म्हणजे इथल्या बँका एकमेकींना रात्रभरासाठी पैसे देतात त्या दरावर, आहे. जानेवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये एमएएसने चढ कमी केला, म्हणजे धोरण सैल केलं, म्हणून माझा हप्ता उतरला का? आणि पुण्याच्या फ्लॅटसाठी पैसे पाठवायचे आहेत, थांबू का?

प्रेषक: श्रीरंग

सुनील, पैसे कधी पाठवायचे ते या बँडवरून ठरवू नका. रुपया कुठे जाणार हे टोपली सांगत नाही.

हप्त्याचं म्हणाल, तर इथे प्रसाद यांच्या दुसऱ्या मुद्द्याचंही उत्तर आहे. एमएएस व्याजदर ठरवत नाही, ठरवूही शकत नाही. पैसा मोकळेपणाने ये-जा करतो आणि भाव ती सांभाळते, मग व्याज बाजाराच्या हाती राहतं. सिंगापूर डॉलर वर्षाला दीड टक्का चढेल असा लोकांचा भरवसा असेल, तर ते त्यात ठेवीवर कमी व्याज चालवून घेतात. म्हणून सोरा बहुधा अमेरिकेच्या दराखाली असतो आणि त्याच्यामागे जातो. २०२२ मध्ये तीन महिन्यांचा सोरा पाव टक्क्याच्या खालून तीन टक्क्यांवर गेला, तोही एमएएसने व्याजाबद्दल कोणताही आदेश न काढता.

या हिशेबाने चढ कमी केल्यावर सोरा अमेरिकेच्या दराच्या जवळ यायला हवा होता. २०२५ मध्ये उलट झालं. सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आसपास असलेला सोरा ऑगस्टपर्यंत दोनच्या खाली आला आणि फेडने तोवर दर हलवलेही नव्हते. माझा अंदाज असा की बाहेरून पैसा खूप आला, एमएएसने तो घेताना बाजारात सिंगापूर डॉलर सुटले आणि तिने ते सगळे परत शोषले नाहीत. पण जुन्या सहकाऱ्यांमध्येही यावर एकमत नाही.

प्रेषक: मेधा

हे वाचून मला रुपयाच आठवला. रिझर्व्ह बँक म्हणते, आमची कोणतीही पातळी ठरलेली नाही, फक्त उसळ्या आवरतो. पण २०२३ मध्ये आणि २०२४ च्या बऱ्याच काळात रुपया ८३ च्या आसपास खिळलेला होता. डिसेंबर २०२३ च्या अहवालात नाणेनिधीने त्याला ‘स्थिरावलेली व्यवस्था’ म्हटलं, रिझर्व्ह बँकेने ते नाकारलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाणेनिधीचा शिक्का बदलून ‘सरकत्या बांधणीसारखी’ असा झाला. मग सिंगापूर आणि भारत यांत फरक उरला कुठे?

प्रेषक: श्रीरंग

मेधाताई, फरक वचनाचा आहे. एमएएस चढाचा आकडा सांगत नाही, पण चढ वाढवला, कमी केला की तसाच ठेवला, ते ठरलेल्या तारखेला सांगते. त्यामुळे भाव काठाजवळ गेला की व्यापारी स्वतःच उलट्या बाजूला वळतात आणि एमएएसचं अर्धं काम परस्पर होतं. रिझर्व्ह बँकेने असा मार्ग सांगितलेला नसतो, म्हणून तिला प्रत्येक वेळी गंगाजळीतून डॉलर खर्चून भाव पटवावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका महिन्यात २० अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ विक्री झाली.

प्रेषक: मेधा

हे मला पूर्ण पटत नाही. सिंगापूरला शिल्लक असते, भारताला चालू खात्यावर तूट. तूट असलेल्या देशाने मार्ग आधी जाहीर केला, तर तो कधी मोडेल यावर सट्टेबाज पैजा लावतील. रुपया सावकाश खाली सरकू देऊन वेग न सांगणं, हेच भारताला परवडतं असं मला वाटतं. अनघा, लेकीला ही बाजूही लिहू दे.