जन्मनोंदीतील बाळाच्या नावाचा रिकामा रकाना: आपले अनुभव लिहा

इंद्रायणी
मागच्या आठवड्यात भाचीची प्रसूती झाली. रुग्णालयातील परिचारिकेने जन्म अहवाल भरताना बाळाचे नाव विचारले, तेव्हा घरातील सगळ्यांनी एका सुरात "ते बारशानंतर कळवू" असे सांगितले आणि मला माझ्या मुलीच्या वेळचे सारे आठवले. तिचा जन्म माझ्या माहेरी, मिरजेला झाला. जन्माची माहिती 21 दिवसांच्या आत द्यावी लागते, ती रुग्णालयाने वेळेत दिली. परंतु आमच्याकडचे बारसे काही कारणाने तिसऱ्या महिन्यावर गेले. त्यामुळे जो दाखला हाती आला, त्यात आईचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता, तारीख असे सर्व अचूक होते आणि बाळाच्या नावापुढे मात्र काहीच नव्हते.

पुढे पारपत्रासाठी अर्ज करायची वेळ आली, तेव्हा आम्ही पुण्यात राहत असल्यामुळे प्रथम पुण्याच्याच कार्यालयात गेलो. तेथील बाईंनी शांतपणे सांगितले, की जन्म जेथे झाला तेथील निबंधकाकडेच नोंद असते आणि नावही तेथेच चढते. आपण कोठे राहता याचा त्याच्याशी संबंध नाही. मग मिरजेला जाऊन आम्हा दोघांच्या सह्यांचा अर्ज, मूळ दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि दोघांची आधार कार्डे दिली. अर्जात नाव मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्ही लिहून मागितले होते. लिपिकाने संगणकावर टंकलेले नाव दाखवून "प्रत्येक अक्षर वाचा, मगच पुढे जातो" असे म्हटले, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, कारण इंग्रजी नावातला एक 'ए' तेथेच गळलेला सापडला. नवीन दाखल्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुनीच राहिली, फक्त दाखला दिल्याची तारीख बदलली. आपल्यापैकी कोणाकोणाला हे करावे लागले, ते अवश्य लिहावे.

भाऊसाहेब
आपले काम फारच सहज झाले म्हणायचे. एक वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, असा नियम आहे. माझ्या चुलतभावाला तो आणावा लागला होता आणि त्यात त्याचे बरेच महिने गेले.

निवृत्त_कारकून
भाऊसाहेब, आपल्या चुलतभावाच्या बाबतीत बहुधा जन्माची नोंदच झालेली नसावी. नोंदच नसेल आणि वर्ष उलटले असेल, तर आदेश लागतो हे खरे आहे. तो विषय 1969 च्या अधिनियमातील कलम 13 चा आहे. येथे नोंद आहे आणि केवळ नाव नाही, त्यासाठी वेगळे कलम 14 आहे. त्यानुसार आई, वडील किंवा पालकाने तोंडी अथवा लेखी नाव कळवावे आणि निबंधकाने ते नोंदवहीत लिहून त्यापुढे आद्याक्षरी व दिनांक टाकावा, एवढेच अपेक्षित आहे. नोंदणीच्या दिनांकापासून 12 महिन्यांपर्यंत यास शुल्क नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव चढवता येते. लोक हे 12 महिने जन्मतारखेपासून मोजतात. ते नोंदणीच्या दिनांकापासून मोजायचे असतात आणि काही वेळा त्या थोड्या दिवसांचाच फरक पडतो.

मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नोकरी केली. खिडकीवर येणाऱ्यांपैकी कितीतरी जण शपथपत्र आणि वकील घेऊनच येत असत, आणि आम्ही त्यांना साधा अर्ज हातात देत असू. अर्थात मूल मोठे झालेले असेल, तर कार्यालय शाळेचा बोनाफाइड दाखला मागते, कारण शाळेत एक नाव आणि जन्मनोंदीत दुसरे नाव असे झाल्यास पुढचा घोळ निस्तरणे अवघड होते.

रानजाई
आमच्याकडे सासऱ्यांनी नावाविनाचा दाखला मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करून देवघराच्या कपाटात ठेवला होता. ग्रामसेवक भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "आता यावर शेरा कोठे मारू?" असे विचारले. शेवटी त्यांनी तो तसाच जमा करून घेतला आणि नवीन दाखला दिला. सासरे मात्र नवा दाखलाही लॅमिनेट करायला निघाले होते.

निवृत्त_कारकून
रानजाई, तो प्रश्न अगदी रास्त होता. पूर्वी दिलेल्या दाखल्याची प्रत निबंधकापुढे ठेवायची आणि त्यावर नावाचा शेरा घ्यायचा, असे नियमातच आहे. आता बहुतेक ठिकाणी संगणकावरून नवा दाखला निघतो, त्यामुळे शेऱ्याची प्रथा मागे पडत चालली आहे.

चकोर
माझ्या मुलाचे नाव जन्मदाखल्यात आधीपासून आहे, परंतु आजीच्या आग्रहाने ठेवलेले ते नाव आम्हाला बदलायचे आहे. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली, तरीही कार्यालय दाखला बदलून देत नाही. याच पद्धतीने अर्ज करावा काय?

इंद्रायणी
चकोर, आपला प्रश्न थोडा निराळा आहे असे वाटते. आमचा रकाना रिकामा होता, आपला भरलेला आहे.

निवृत्त_कारकून
होय, निराळाच आहे. कलम 14 रिकाम्या रकान्यासाठी आहे. भरलेल्या नावात लेखनाची चूक असेल, तर कलम 15 खाली मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करता येते. परंतु घरच्यांचे मन बदलले ही चूक धरली जात नाही. राजपत्रातील नावाने पुढची कागदपत्रे करता येतात, जन्माची नोंद मात्र त्याने आपोआप बदलत नाही. म्हणूनच मी नातेवाइकांना नेहमी सांगत असे, की नावावर एकमत झाले नसेल, तर रुग्णालयाच्या नमुन्यात घाईने काही लिहिण्यापेक्षा रकाना रिकामा सोडलेला बरा.

पुणेकर_बाबा
आधार कार्डावर नाव आले की झाले, एवढी धावपळ कशासाठी करायची? आमच्या मुलीचा पहिलीचा प्रवेश आधारवर झाला.

निवृत्त_कारकून
आपली मुलगी 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मली असणार. त्या दिवसापासून सुधारित अधिनियम लागू झाला आणि त्या तारखेस व त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, आधार अशा कामांत जन्माची तारीख व ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. ती मुले अजून लहान आहेत, त्यामुळे रिकाम्या रकान्याची खरी अडचण त्यांच्या पालकांना शाळाप्रवेशाच्या वेळी कळेल.

कृष्णाकाठ
माझे माहेर बेळगावचे आहे आणि मुलाचा जन्मही तेथेच झाला, त्यामुळे दाखला कन्नड आणि इंग्रजीत आहे. नाव चढवायला माझे वडील अर्ज घेऊन गेले, तेव्हा आई किंवा वडिलांनी यावे असे त्यांना सांगितले गेले. कन्नडमध्ये नाव बरोबर लिहिले आहे की नाही हे मला वाचता येईना, म्हणून शेजारच्या काकूंना सोबत नेले. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले आणि 'ळ' च्या जागी 'ल' आल्याचे तेथल्या तेथे दाखवले. परगावी बाळंतपण करणाऱ्यांनी ही सोय आधीच करून ठेवावी.

सई_७
मला एक विचारायचे आहे. माझे व माझ्या पतीचे घटस्फोटाचे प्रकरण चालू आहे. मुलीचे नाव नोंदीत नाही आणि कार्यालय दोघांच्या सह्यांशिवाय अर्ज घेत नाही. निवृत्त काका, आपण वर 'आई, वडील किंवा पालक' असे लिहिले आहे, मग माझी एकटीची सही का चालत नाही?

निवृत्त_कारकून
सईताई, अधिनियमाचे शब्द तसेच आहेत, त्यात दोघांनीच यावे असे म्हटलेले नाही. परंतु नंतर दुसऱ्या पालकाने हरकत घेऊ नये म्हणून बरीच कार्यालये दोन सह्या मागतात. अर्ज लेखी द्या, कलम 14 चा उल्लेख करा आणि पोच घ्या. नाकारला तर नकार लेखी मागा व जिल्हा निबंधकांकडे जा. आडनावाचा वाद न्यायालयात असेल, तर केवळ मुलीचे पहिले नाव चढवून द्यावे, अशी विनंती करून पाहता येईल.

वकील_मंजिरी
काकांशी मी अर्धीच सहमत आहे. प्रकरण न्यायालयात प्रलंबित असताना निबंधक एकट्या आईच्या अर्जावर नाव घेईलच, असे मी अशिलाला सांगणार नाही. कुटुंब न्यायालयातच त्या मर्यादित कामासाठी अर्ज करणे अधिक सुरक्षित वाटते. शिवाय पुढे पारपत्रासाठी नाव आणि आडनाव स्वतंत्र लिहावे लागते, त्यामुळे दाखल्यात नुसते पहिले नाव आले तर तेथे पुन्हा विचारणा होऊ शकते.

सई_७
दोघांचेही आभार. वकिलांशी बोलून पुढे काय झाले ते येथे कळवीन.

भाऊसाहेब
चुलतभावाला दूरध्वनी केला होता. त्याच्या मुलाची नोंदच राहून गेली होती, हे काकांचे म्हणणे बरोबर निघाले. मात्र त्याला एका मध्यस्थाने "आमच्या गावात नवी नोंद करून नावासकट दाखला देतो" असे सांगितले होते, ते त्याने ऐकले नाही.

निवृत्त_कारकून
फार बरे केले. नोंद जन्म जेथे झाला तेथेच व्हायला हवी, आणि ज्यांची जुनी नोंद आहे त्यांनी दुसऱ्या गावी नवी नोंद केली, तर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि पडताळणीत ते उघडकीस येते. ओळखण्याची खूण इंद्रायणीताईंनी लिहिलेलीच आहे: नाव चढवलेल्या दाखल्यावर नोंदणी क्रमांक व नोंदणीचा दिनांक जुनाच असला पाहिजे. तो बदललेला दिसला, तर तो दाखला वापरू नये.

जुळ्यांची_आई
माझी अडचण कोणी ऐकली नसेल. मला जुळ्या मुली आहेत. दोन नोंदी, दोन क्रमांक, दोन्ही रकाने रिकामे, बाकी सर्व मजकूर शब्दशः सारखा. लिपिकाने विचारले, की कोणत्या क्रमांकात कोणते नाव लिहू? आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. डिस्चार्ज कार्डावर पहिली आणि दुसरी असे लिहिलेले होते आणि वजनेही वेगळी होती, पण नोंदीतील पहिला क्रमांक पहिल्या मुलीचाच आहे, हे कशावरून समजायचे?

निवृत्त_कारकून
जन्म अहवालाच्या सांख्यिकी भागात जन्मवेळचे वजन असते, त्यावरून जुळवता येते. परंतु कागदी पद्धतीत तो भाग फाडून वर पाठवला जात असे आणि कार्यालयात केवळ कायदेशीर भाग राहत असे. आपली नोंद संगणकावरची असेल, तर लिपिकाला तेथे वजन पाहायला सांगावे.

जुळ्यांची_आई
वजन सापडले, काका. दोन किलो शंभर ग्रॅमची ती थोरली, त्याप्रमाणे नावे चढली. आता धाकटी म्हणते, की मी आधी आले असणार, कारण माझे नाव 'अ' पासून सुरू होते.

रानजाई
तिला सांगावे, की दाखल्यावर जन्माची वेळ नसते, त्यामुळे हा वाद कोणत्याही कार्यालयात मिटणार नाही.